एकच दाखला, तीन वयं: घरच्या प्रार्थनेतला चांगला शोमरोनी

«सलाम. आमच्याकडे रोज रात्री जेवणाआधी अर्धा तास घरची प्रार्थना असते. धाकटी अडीच वर्षांची, मधला आठ वर्षांचा, थोरला पंधरा वर्षांचा. शास्त्रपाठ सुरू झाला की धाकटी उठून पळते, मधला ‘आमेन कधी?’ म्हणून विचारत राहतो आणि थोरला ‘हे मला शब्बाथ शाळेपासून पाठ आहे’ म्हणून भिंतीकडे बघत बसतो. सासूबाईंचं म्हणणं, सगळ्यांनी एकत्र बसून पूर्ण वाचन ऐकावं. मला वाटतं तिघांना वेगवेगळं शिकवावं, पण मग ती कुटुंबाची प्रार्थना कसली? पुढच्या आठवड्यात चांगल्या शोमरोन्याचा दाखला घ्यायचं ठरलंय. तो तिघांना कसा सांगू?
— एक आई, श्रीरामपूर»

प्रिय ताई, सलाम.

तुम्ही दाखला चांगला निवडला आहे. लूक १०, वचनं २५ ते ३७. सगळी मिळून तेरा वचनं, पण त्यांत तीन थर आहेत आणि तुमच्या घरी मुलंही तीन वयांची आहेत. म्हणून मी तीन वेगळे पाठ सुचवत नाही. पाठ एकच ठेवा आणि वयाप्रमाणे वचनं वाढवत न्या. धाकटीला मधली तीन-चार वचनं पुरेत. मधल्याला पूर्ण गोष्ट द्या, म्हणजे ३० ते ३५. थोरल्याला गोष्टीच्या आधीचा आणि नंतरचा संवादही द्या, २५ पासून ३७ पर्यंत, आणि त्याच्या जोडीला आधीच्या अध्यायातली काही वचनं. असं केलं की मोठ्याच्या पाठात लहानाचा पाठ आपोआप येतो आणि कुणाला काही विसरून नव्याने शिकावं लागत नाही.

त्याआधी आठवडाभरासाठी एक वाक्य ठरवून घ्या. ते अडीच वर्षांच्या मुलीला म्हणता आलं पाहिजे आणि पंधरा वर्षांच्या मुलाला त्यावर वाद घालता आला पाहिजे. ‘सर्वांना मदत करावी’ हे वाक्य घेऊ नका. ते खरं आहे, पण ते या दाखल्यातलं नाही, कुठल्याही पाठाच्या शेवटी चिकटवता येतं. मजकुराकडे बघा. वाटेवर पडलेल्या माणसाला तिघांनीही पाहिलं, याजकाने, लेव्याने आणि शोमरोन्याने. पाहण्यात फरक नाही. फरक पुढे पडतो. दोघे दुसऱ्या बाजूने निघून गेले. तिसऱ्याला ‘त्याचा कळवळा आला’ आणि तो जवळ गेला. तेव्हा वाक्य असं घ्या: तो जवळ गेला. तीन शब्द. तिघांनाही तेच.

आता धाकटीपासून सुरुवात करू, कारण प्रार्थनेचाही आरंभ तिच्यापासूनच करायचा आहे. पहिली पाच मिनिटं तिची. अडीच वर्षांच्या मुलाला गोष्ट ऐकण्यापेक्षा तीच ती गोष्ट पुन्हा घडताना बघायची असते, आणि या दाखल्यात ते आयतं आहे. एक माणूस येतो, बघतो, जातो. दुसरा येतो, बघतो, जातो. तिसरा येतो, बघतो आणि जवळ जातो. एक बाहुली चटईवर निजवा. ‘हिला बाऊ झालाय.’ आधी बाबा येतात, बघतात, निघून जातात. मग मधला येतो, बघतो, जातो. मग धाकटीचा हात धरून तुम्ही बाहुलीजवळ जा आणि म्हणा, ‘तो जवळ गेला.’ जुन्या सुती ओढणीची एक पट्टी फाडून ठेवा, ती तिला बांधू द्या. नीट बांधता येणार नाही, तरी तुम्ही सरळ करायला जाऊ नका. एक ओळीची प्रार्थना करा, ‘येशू, आम्हाला जवळ जायला शिकव,’ आणि तिचा पाठ संपला. नंतर ती बाहुली घेऊन तिथेच बाजूला बसली तर बसू द्या, पळाली तर पळू द्या. तिचा भाग झालेला आहे.

या वयात काय सांगायचं नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. लुटारूंचं वर्णन नको. कपडे काढून घेतले, मारलं, अर्धमेलं करून टाकलं, यातलं काहीच नको. ‘बाऊ झाला’ एवढं पुरे. एखाद्या रात्री तिने ‘चोर येणार?’ असं विचारलं, तर कुणीतरी, बहुधा मधल्याने, जास्त सांगितलंय असं समजा आणि दुसऱ्या दिवशी खेळ फक्त पट्टी बांधण्यापासून सुरू करा. दुसरं, जाणारे दोघे ‘वाईट’ होते असं म्हणू नका. पुढे हेच मूल मोठं झाल्यावर त्याला सांगावं लागेल की ते देवाच्या मंदिरातले मानाचे लोक होते आणि गोष्टीचा काटा तिथेच आहे. लहानपणी जे शिकवलं ते नंतर खोडावं लागू नये, एवढं जपा. पाठ पोचला की नाही ते कसं कळेल? चार दिवसांनी ती स्वतःहून कुठल्यातरी खेळण्याला पट्टी बांधायला मागेल किंवा कुणी ‘आई गं’ म्हटलं की बघायला जाईल. प्रश्न विचारून तिची परीक्षा घेऊ नका.

आता मधला. आठ वर्षांच्या मुलाला भाव विचारला की तो तुम्हाला हवं ते उत्तर देतो. ‘या गोष्टीतून काय शिकलास?’ ‘मदत करावी.’ हे उत्तर त्याला गोष्ट न ऐकताही देता येतं, म्हणून त्यावरून काहीच कळत नाही. त्याला गोष्टीच्या आत शिरायला लावायचं तर तपशील हवा आणि शोधायला काहीतरी हवं. शास्त्र त्याच्या हातात द्या आणि दोन-तीन गोष्टी त्यालाच हुडकून काढू द्या.

पहिली गोष्ट वाटेची. यरुशलेम समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचावर आहे आणि यरीहो समुद्रसपाटीच्याही खाली, साधारण २५० मीटर. मधलं अंतर पंचवीस-सत्तावीस किलोमीटर, म्हणजे एका दिवसाच्या चालीत जवळजवळ हजार मीटर उतार, खंडाळ्याच्या घाटाच्या दुप्पट म्हणा ना. ओसाड, वळणावळणाचा रस्ता. लपायला जागा भरपूर, मदतीला कुणी नाही. हे सांगितलं की ‘तो माणूस एकटा का गेला?’, ‘थांबलं तर आपल्यालाही लुटतील ना?’ असे प्रश्न तो स्वतः विचारायला लागतो. थांबण्यात धोका होता, हे त्याला इथे कळतं. तोवर त्याच्या डोक्यात तो एखाद्या बागेतला रस्ता असतो.

दुसरी गोष्ट मला फार आवडते. त्याला विचारा, ‘शोमरोनी जखमी माणसाजवळ किती वेळ राहिला?’ तो म्हणेल, पट्टी बांधेपर्यंत. मग त्याला ३५वं वचन नीट वाचायला सांगा. पैसे दिले ते ‘दुसऱ्या दिवशी’. म्हणजे रात्रभर तो तिथेच होता. आणि जखमी माणूस त्याच्या जनावरावर बसला होता, तर मग तो स्वतः कसा गेला असेल? पायी. हे शास्त्रात सरळ लिहिलेलं नाही, पण मुलाला ते काढता येतं, आणि स्वतः काढलेलं तो विसरत नाही.

तिसरी, खर्चाची. त्याने उतारशाळेवाल्याला दोन दीनार दिले. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, हे मत्तय २० मधल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यावरून कळतं. तुमच्याकडे शेतमजुराला सध्या दिवसाला काय मिळतं ते मधल्याने बाबांना विचारावं, दोनाने गुणावं आणि कागदावर लिहावं. त्यात तेल, द्राक्षारस, बांधायला फाडलेलं कापड आणि मोडलेला प्रवास हेही मांडावं. द्राक्षारस जखम धुवायला आणि तेल दाह शमवायला वापरत, हेही सांगा. पोरांना वाटतं की बाटली रिकामी करून तो नुसता दया दाखवत होता. आणि शेवटी ‘आणखी खर्च झाला तर परत येईन तेव्हा देईन’ असं तो म्हणाला, म्हणजे हिशेब उघडाच राहिला. कागदावर शेवटची रक्कम लिहिता येत नाही. हे मधल्याला खटकेल. खटकू द्या, तुम्ही उत्तर भरू नका.

इथे एक इशारा, आणि तो मनापासून देते. या दाखल्याचा साधा अर्थ ‘रस्त्यावर अनोळखी माणूस दिसला की जवळ जा’ असा आठ वर्षांच्या मुलाच्या डोक्यात बसू शकतो. त्याला स्पष्ट सांगा, तुझ्या वयात जवळ जाणं म्हणजे धावत जाऊन मोठ्या माणसाला आणणं किंवा १०८ वर फोन लावायला सांगणं. शोमरोनीसुद्धा सगळं एकट्याने करत बसला नाही, त्याने उतारशाळेवाल्याला सोबत घेतलं. हा मुद्दा मजकुरातलाच आहे, तुम्ही वरून भीती घालताय असं होणार नाही.

मधल्याला पोचलं का हे बघायचं तर त्याला गोष्ट उतारशाळेवाल्याच्या तोंडून सांगायला सांगा. त्याने कोणाला पाहिलं, कोण रक्ताने माखलं होतं, कोण पायी आलं, पैसे कोणी दिले. यात तो अडला तर त्याला गोष्ट माहीत नाही, फक्त तिचं तात्पर्य माहीत आहे. मग पुन्हा ३० पासून वाचा.

थोरल्याविषयी थोडं जास्त लिहिते, कारण त्याची तक्रार रास्त आहे. त्याला शब्बाथ शाळेत तोच मधला तुकडा वर्षानुवर्षं मिळाला असणार, आणि तो खरोखरच पाठ असेल. घरोघरी मोठ्या मुलाला वाचक करतात, धाकट्यांना सांभाळायला लावतात, ‘तू मोठा आहेस’ म्हणतात, आणि स्वतः त्याच्यासाठी काहीच राखून ठेवत नाहीत. वाचन त्याच्याकडे जरूर द्या, पण त्याचा पाठ वेगळ्या वेळी करा. आठवड्यात एकदा, जेवणानंतर, धाकटी झोपल्यावर, वीस मिनिटं. शक्यतो त्याचे बाबा किंवा तुम्ही, एकानेच. दोघं समोर बसलात तर त्याला चौकशी वाटेल.

त्याला आदल्या दिवशी एकच काम द्या, लूक ९:५१-५६ वाचून ठेवणं. का, ते सांगू नका. तिथे येशू यरुशलेमला निघालेला आहे आणि शोमरोन्यांचं एक गाव त्याला उतरू देत नाही. याकोब आणि योहान चिडतात आणि आकाशातून अग्नी पाडून त्यांना भस्म करू का, असं विचारतात. येशू त्यांना धमकावतो. आणि पुढच्याच अध्यायात येशू गोष्ट सांगतो, तिचा नायक शोमरोनी! तुमचा मुलगा हे दोन अध्याय शेजारी ठेवून वाचेल तेव्हा दाखला त्याला पहिल्यांदाच ऐकल्यासारखा वाटेल. यहूदी आणि शोमरोनी या दोन समाजांमधलं वैर किती जुनं होतं तेही त्याला थोडक्यात सांगा. शोमरोन्यांचं मंदिर गरिज्जीम डोंगरावर होतं. ख्रिस्तापूर्वी दुसऱ्या शतकाच्या शेवटी यहूदी राज्यकर्ता आणि महायाजक योहान हिर्कानसने ते पाडलं. पुढे, येशूच्या लहानपणाच्या सुमाराला, शोमरोन्यांनी वल्हांडणाच्या वेळी यरुशलेमच्या मंदिरात माणसांची हाडं टाकून ते विटाळलं, असं इतिहासकार योसेफसने लिहून ठेवलं आहे. म्हणजे दुखावलेल्या दोन्ही बाजू होत्या. तो समाज आजही आहे, गरिज्जीमजवळ आणि होलोन शहरात, अगदी थोडी कुटुंबं.

त्यानंतर त्याला याजकाची बाजू मांडायला लावा. हा भाग पंधरा वर्षांच्या मुलांना रंगतो, कारण शब्बाथ शाळेत कुणी त्यांना याजकाचा वकील होऊ देत नाही. लेवीय २१:१-३ त्याला उघडून द्या: जवळच्या नातलगांखेरीज कुणाच्या मृतदेहामुळे याजकाने विटाळू नये. गणना १९:११ प्रमाणे प्रेताला शिवलेला माणूस सात दिवस अशुद्ध. वाटेवरचा माणूस मेला असेल असं याजकाला वाटलं असेल, तर नियम त्याच्या बाजूने आहे. मुलाला हे पटू द्या. मग त्याला ३१वं वचन परत वाचायला सांगा. याजक खाली चालला होता, म्हणजे यरुशलेमकडून यरीहोकडे. मंदिरातली सेवा पुढे नव्हती. आणि यहूदी परंपरेतच असाही नियम नोंदलेला आहे की वाटेवर बेवारस प्रेत दिसलं तर ते पुरणं याजकावरही बंधनकारक. मग तो का थांबला नाही? शास्त्र कारण देत नाही. मुलगा जी कारणं सुचवेल, घाई, भीती, ‘मागून कोणी येईल’, ती सगळी त्याच्याच शाळेच्या रस्त्यावरची असतील. तुम्ही ते बोलून दाखवू नका.

या चर्चेत एक सांभाळा. ‘यहूदी कठोर आणि आपण दयाळू’ असं वळण येऊ देऊ नका. सांगणारा यहूदी, ऐकणारा शास्त्रीही यहूदी, आणि ‘शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ ही आज्ञाही यहुद्यांच्याच नियमशास्त्रातली, लेवीय १९:१८. त्याच अध्यायात ३४व्या वचनात परक्यावरही तशीच प्रीती करायला सांगितली आहे. सार्वकालिक जीवन मिळायला काय करावं, या स्वतःच्याच पहिल्या प्रश्नाचं उत्तर शास्त्र्याला आधीच माहीत होतं, आणि ते त्याने बरोबरही दिलं होतं.

आता त्याच्यासाठी राखून ठेवलेली खरी जागा. शास्त्री विचारतो, ‘माझा शेजारी कोण?’ येशू गोष्ट सांगून उलटा प्रश्न करतो, या तिघांपैकी लुटारूंच्या हाती सापडलेल्या माणसाचा शेजारी कोण झाला? मुलाला हे दोन्ही प्रश्न वहीत एकाखाली एक लिहायला सांगा आणि विचारा, काय बदललं? त्याला वेळ द्या. पहिल्या प्रश्नात शेजारी म्हणजे ज्याला मदत करायची तो, आणि मर्यादा कुठे आखायची एवढाच मुद्दा आहे. दुसऱ्या प्रश्नात शेजारी म्हणजे मदत करणारा. ऐकणारा यहूदी गोष्टीत स्वतःला शोधायला गेला तर त्याला जागा मिळते ती खाली पडलेल्या माणसाची, आणि हात पुढे येतो तो त्याला ज्याचा तिटकारा आहे त्याचा. शास्त्र्याच्या तोंडून ‘शोमरोनी’ हा शब्दसुद्धा निघत नाही. तो म्हणतो, ‘त्याच्यावर दया करणारा तो.’ हे मुलाला दाखवा. मग एकच प्रश्न विचारा, आणि उत्तर मागू नका: कोणाच्या हातची मदत घ्यायला तुला जड जाईल?

आपल्याकडे या प्रश्नाला जात लागून येते. आपल्या मंडळ्यांतही येते, लग्न ठरवताना तर हमखास. तुमचा मुलगा ते बोलला तर त्याला गप्प करू नका, आणि सासूबाई खोलीत असतील तर विषय बदलू नका. तो खरं बोलतोय.

तो आणखी एक प्रश्न विचारू शकतो: ‘हे केल्याने सार्वकालिक जीवन मिळतं, असं येशू म्हणतोय का? मग विश्वासाचं काय?’ २५ आणि २८ वचनांवरून हा प्रश्न सरळ निघतो. हा प्रश्न खरा आहे, याचं उत्तर वेगवेगळ्या मंडळ्या वेगवेगळ्या तऱ्हेने मांडतात. तुमच्या पाळकांकडे त्यालाच तो घेऊन जाऊ द्या. घाईने दिलेलं अर्धवट उत्तर तो ओळखेल.

आणि त्याला करण्यासारखं काही हवं असेल तर हे सांगा: आपल्या देशात २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४अ हे कलम आलं. अपघातातल्या माणसाला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्याबद्दल दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, आणि नाव सांगायची सक्ती करता येत नाही. त्या कलमात मदत करणाऱ्याला नाव दिलंय तेच, ‘गुड समॅरिटन’. मुलं अपघाताजवळ थांबत नाहीत त्यात पोलिसांची भीती मोठी असते. ती भीती कायद्याने किती कमी केली आहे हे त्याला त्याच्या मित्रांनाही सांगता येईल.

सासूबाईंचं म्हणणं मला मान्य आहे, फक्त ते आठवड्याच्या शेवटी ठेवा. सोमवारी धाकटीचा खेळ आणि मग मधल्याबरोबर वाटेचा भाग, सगळे हजर. मंगळवारी, बुधवारी तोच खेळ पुन्हा आणि मधल्याचा हिशेब. गुरुवारी रात्री थोरला. शनिवारी सासूबाईंनी २५ ते ३७ सलग मोठ्याने वाचावं, त्यांच्या स्वतःच्या शास्त्रातून, त्यांच्या चालीत. तोवर प्रत्येक मुलाची त्या वाचनात एकतरी ओळखीची जागा झालेली असेल. ‘जवळ जाऊन’ आलं की धाकटी बाहुली आणेल, ‘दुसऱ्या दिवशी’ आलं की मधला मान वर करेल. थोरला कदाचित काहीच करणार नाही, आणि त्यावरून काही ठरवू नका. पंधराव्या वर्षी ऐकलेलं बाहेर यायला वेळ लागतो.

पुढच्या आठवड्यात नवा पाठ घ्यायची घाई नको. धाकटी अजून पट्टीच मागत असेल, तर तिच्यासाठी तीच ठेवा आणि मोठ्यांना पुढे न्या. नंतर घ्यायचा तर लूक १५ मधला हरवलेला मुलगा घ्या, तोही असाच वाढवत नेता येतो: धाकटीला बाप धावत आला एवढंच, मधल्याला पूर्ण प्रवास, थोरल्याला घराबाहेर उभा राहिलेला मोठा भाऊ. पत्रांमधले उतारे मात्र इतक्यात नको. त्यांत धाकटीच्या हाती द्यायला काही सापडत नाही, आणि ओढूनताणून सापडवलं तर ते पौलाचं राहत नाही.